तिच्या ऑडिटचा आठवडा

सोलापूर,
दि. २१ सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू विचारलेस, की सीएच्या ऑफिसात काम करणाऱ्या तुझ्या नव्या मैत्रिणीवर कामाचा एवढा ताण असताना आपण नेमके काय करावे. कारखान्याचा भोंगा झाला आणि बोलणे अर्धवट राहिले, म्हणून सविस्तर लिहितो. तुमची ओळख होऊन जेमतेम दोन महिने झाले आहेत आणि तुझ्या डोक्यात करण्यासारख्या गोष्टींची यादी मोठी आहे. त्या यादीतले बरेचसे तू करू नयेस, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगतो.

आधी तिचा आठवडा समजून घे. टॅक्स ऑडिटचा अहवाल भरण्याची मुदत साधारणपणे ३० सप्टेंबरला संपते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखानदार वर्षभर बिलांच्या पिशव्या तशाच ठेवतात आणि शेवटच्या आठवड्यात सीएच्या टेबलावर आणून रिकाम्या करतात. मी अशाच एका कारखान्याचे हिशेब लिहितो, त्यामुळे ही सवय मला आतून माहीत आहे. अहवाल तयार झाला म्हणून काम संपत नाही. सीएने तो पोर्टलवर चढवल्यानंतर कारखानदाराने स्वतःच्या लॉगिनमधून त्याला मान्यता द्यावी लागते आणि त्याचा ओटीपी बहुधा मालकाच्याच मोबाइलवर जातो. मालक तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत असतो, त्याचा फोन मुलाकडे असतो आणि मुलगा जेवायला गेलेला असतो. रात्री नऊ वाजता ती ज्या गोष्टीसाठी ताटकळत बसलेली असेल, ती बहुतेक वेळा हीच असेल. यात तुला सोडवता येईल असे काहीही नाही. म्हणून ‘साहेबांना स्पष्ट सांग’ किंवा ‘कामाची नीट वाटणी करून घे’ असा सल्ला देऊ नकोस, कारण तो तिला तुझ्याआधी सुचलेला असतो आणि तो का चालणार नाही हे तुला समजावून सांगण्याचे आणखी एक काम तिच्या माथी बसते. मुदतवाढीच्या अफवाही पुढे पाठवू नकोस. २०२५ साली मुदत खरोखर महिनाभराने वाढली होती, त्यामुळे अशा बातमीवर क्षणभर विश्वास बसतो, आणि ती खोटी निघाली की निराशा दुप्पट होते. खरी असेल तर ती तिच्या ऑफिसात तुझ्याआधी पोहोचलेली असेल.

आता मेसेजविषयी. ‘जेवलीस का?’, ‘अजून ऑफिसातच का?’, ‘बरी आहेस ना?’ हे तिन्ही प्रश्न मायेचेच आहेत, पण प्रत्येकाला उत्तर द्यावे लागते. उत्तर नाही दिले तर तू रुसशील की काय, हा विचार तिच्या मनात उरतो, विशेषतः नवीन ओळखीत, कारण तुझा स्वभाव तिला अजून पुरता ठाऊक नाही. त्याऐवजी दिवसातून एकच मेसेज असा पाठव, ज्याला उत्तराची गरज नाही आणि ते त्यातच लिहिलेले आहे: ‘आज सिद्धेश्वर तलावावर फिरायला गेलो होतो, पाणी छान भरले आहे. उत्तर देऊ नकोस, काम कर.’ पाठवल्यावर निळ्या खुणा उमटल्या का, हे तू दर पाच मिनिटांनी पाहू लागलास, तर तो मेसेज तिच्या धीरासाठी नव्हता, तुझ्या स्वतःच्या धीरासाठी होता, असे खुशाल समज. ती काळजी माझ्याकडे आण, फोन कर, मी ऐकतो. तिच्याकडे या आठवड्यात ती नेऊ नकोस.

काही करायचेच असेल तर एकच गोष्ट कर, छोटी आणि सहज नाकारता येईल अशी. तू डबा घेऊन रोज ऑफिसात जाण्याचे म्हणत होतास, ते मला पटत नाही. तिच्या सहकाऱ्यांना आणि अजून पुरते न सांगितलेल्या घरच्यांना तुझ्याविषयी काय आणि केव्हा सांगायचे, हे तिने ठरवायचे आहे. डबा हातात घेऊन दारात उभा राहिलास की ते तूच ठरवून टाकलेस. उद्या तिला एवढेच लिही: ‘कडक भाकरी आणि शेंगाचटणी ड्रॉवरमध्ये ठेवण्यापुरती देऊ का? गुरुवारी सात वाजता खाली गेटवर देतो, वर येणार नाही. नको असेल तर नुसते नको म्हण.’ कडक भाकरी आठवडाभर टिकते, गरम करावी लागत नाही आणि रात्री दहाला ओटीपीची वाट पाहताना हाताशी असली की पोटाला आधार होतो. ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपव आणि शुक्रवारी पुन्हा विचारू नकोस.

यामागे अभ्यासही आहे. नील बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली न्यू यॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांचा आणि त्यांच्या जोडीदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला; दोघेही रोजची नोंद स्वतंत्रपणे लिहीत होते. जोडीदाराने आधार दिल्याचे लिहिले, पण परीक्षार्थीच्या नोंदीत त्याचा उल्लेखच नव्हता, अशा आधाराचा उपयोग अधिक दिसला. उलट जो आधार ठळकपणे जाणवला, त्याने मनावरचा भार थोडा वाढलेला आढळला. ‘आपल्याला सांभाळावे लागते आहे’ ही जाणीव स्वतःच जड असते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अर्थात ती एकत्र राहणारी जोडपी होती. घरातला एखादा जण गुपचूप भांडी घासून ठेवू शकतो, ती सोय तुला नाही. म्हणून तुझ्या बाबतीत न जाणवणारा आधार म्हणजे मुख्यतः मागणी न करणे. रविवारची ठरलेली भेट तू स्वतःहून पुढे ढकल, आणि तिला माफी मागण्याची वेळ येऊ देऊ नकोस.

मात्र ती आपणहून फोन करेल तेव्हा पूर्ण हजर राहा. समज, रात्री साडेदहाला ती म्हणाली, “आज एकाने चार महिन्यांची बिलं दिलीच नाहीत, आणि बोलणी मला बसली.” तू म्हणावेस, “चूक त्याची आणि बोलणी तुला, म्हणजे कमालच झाली,” आणि मग गप्प बसावेस. पुढचे वाक्य तिचे असू दे. ती “आता मी काय करू?” म्हणाली, तरी लगेच उत्तर देऊ नकोस, “खरंच काही सुचवू, की आज नुसतं ऐकू?” असे सरळ विचार. हे विचारणे पहिल्यांदा अवघडल्यासारखे वाटते, पण दोन महिन्यांच्या ओळखीत अंदाज बांधण्यापेक्षा ते बरे. ती तिरसटपणे बोलली, तर त्याचा हिशेब मांडू नकोस. तुझ्यावर ओरडली, अपमान केला, तर ते वेगळे. त्याविषयी मुदत संपल्यावर शांतपणे बोलता येईल.

एक अपवाद सांगून ठेवतो. सलग काही रात्री झोपच नाही, किंवा ‘हे सगळं संपलेलंच बरं’ असे काही ती बोलली, तर वर लिहिलेला सगळा संयम बाजूला ठेव, सरळ विचार, तिच्या जवळच्या माणसाला कळव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालतो. साधा थकवा आणि हे यांतला फरक तिच्या शब्दांत ऐकू येतो.

३० तारखेच्या रात्री सरप्राइज वगैरे काही ठरवू नकोस. त्या रात्री ती झोपेल, आणि दुसऱ्या दिवशीही बहुधा झोपेलच. दोन-तीन दिवसांनी विचार, आणि सहल, सिनेमा असले पर्याय न मांडता एवढेच विचार की बाहेर पडायचे आहे की घरीच राहायचे आहे. ती घरीच म्हणाली, तर माझ्याकडे ये. कारखान्याचे ऑडिट माझ्याही डोक्यावर आहे, तोवर तेही उरकलेले असेल.

तुझा मित्र