कॉन्ट्रास्ट सीटीला जाण्याआधी

सभासदांनो, कॉन्ट्रास्ट सीटी ठरली असेल तर आधी ॲलर्जीचं बघा. पूर्वी कॉन्ट्रास्टच्या इंजेक्शननंतर पित्ताच्या गांधी उठल्या, दम लागला किंवा घसा आवळल्यासारखा झाला होता का, हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नाही, कारण प्रतिबंधक स्टेरॉइडच्या गोळ्या बऱ्याचदा 13, 7 आणि 1 तास आधी द्याव्या लागतात. म्हणजे स्कॅन सकाळी 11 ला असेल तर पहिली गोळी आदल्या रात्री 10 ला, दुसरी पहाटे 4 ला (गजर लावाच!) आणि तिसरी 10 ला. गोळ्या घ्यायच्या की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असली तरी तेवढ्याने स्कॅन अडत नाही. दमा असेल तर मात्र जरूर सांगा.

जेवण साधारण 4 तास आधी बंद, पण केंद्राने वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा. साधं पाणी बहुतेक ठिकाणी चालतं, आणि ते प्यावंच. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या.

इंजेक्शन देताना अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं; ते नेहमीचंच. हात दुखून सुजू लागला तर लगेच ओरडून सांगा. नंतर अर्धा तास तिथेच थांबा. घरी भरपूर पाणी प्या. पाण्यावर बंधन असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावं. पुरळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उठू शकते, तेव्हा फोन करा. दम लागला किंवा ओठ सुजले तर थेट इमर्जन्सी गाठा.