भाऊसाहेबांच्या निरोपाच्या चित्रफितीसाठी फोटो, आवाज आणि वर्गणी द्या : माजी विद्यार्थी मंडळाचे आवाहन

बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार.

आपल्या हायस्कूलच्या ऑफिसातले भाऊसाहेब ३१ मे २०२६ रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत. दप्तरी त्यांची जन्मतारीख १ जून १९६८. एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, त्यामुळे जूनची पहिली घंटा यंदा त्यांच्याशिवाय वाजणार. १९९१ साली कनिष्ठ लिपिक म्हणून आलेला हा माणूस पस्तीस वर्षं त्याच खिडकीत बसला. बदलीची संधी आली तेव्हाही त्यांनी पाटण तालुका सोडला नाही, हे जुन्या लोकांना ठाऊक आहेच.

पुढे लिहिण्याआधी काही ऋणं मानली पाहिजेत. प्रयोगशाळेचा पत्रा उडाला तेव्हा पहिला फोन घणसोलीहून आला होता. आपल्या माथाडी बांधवांनी आठवड्याच्या मजुरीतून पैसे काढले आणि पावती घ्यायलाही कुणी थांबलं नाही. मुलींच्या स्वच्छतागृहासाठी १९९८ च्या दहावीच्या मुलींनी आपापल्या माहेरच्या गावांतून वर्गणी गोळा केली. वाचनालयाची दोन कपाटं ज्यांनी दिली त्यांनी नाव लिहू दिलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही. मंडळाचं प्रत्येक काम असंच उभं राहिलं. भाऊसाहेबांनी त्या प्रत्येक कामाचा हिशेब कोणी न सांगता वहीत उतरवून ठेवला.

आणि एक बोलून टाकतो. आपल्या शिपाईमामांच्या निरोपाला आम्ही फोटो मागितले होते. संदेश सर्वांनी वाचला, फोटो मात्र बोटांवर मोजण्याइतके आले. मामांच्या आयुष्यभराच्या नोकरीची फीत तीन मिनिटांत आटोपली आणि त्यातही निम्मा वेळ शाळेची इमारतच दिसत होती. मामा काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी आम्हाला वाईट वाटलं. या वेळी तसं होऊ नये.

अडचण अशी आहे की भाऊसाहेबांचे फोटोच नाहीत. स्नेहसंमेलनात ते तिकिटांच्या टेबलावर असायचे. वर्गाच्या ग्रुप फोटोच्या वेळी हातात यादी घेऊन ते कॅमेऱ्याच्या बाजूला उभे राहून नावं पुकारायचे, म्हणजे चौकटीच्या बाहेर. म्हणून आपापला दहावीचा ग्रुप फोटो काढून दोन्ही टोकं नीट बघा. कुठेतरी अर्धा खांदा, शर्टाच्या खिशाला लावलेली दोन पेनं दिसतील. तो फोटो आम्हाला हवा आहे. १५ ऑगस्टला झेंड्याची दोरी सांभाळणारे, निकालाचा कागद फळ्यावर चिकटवणारे, सहलीच्या एसटीत पुढच्या सीटवर पैसे मोजणारे भाऊसाहेब कुणाच्या तरी अल्बममध्ये नक्की असतील.

फीत सात मिनिटांची ठरली आहे. त्यापेक्षा लांबली की मांडवातली माणसं चुळबुळ करू लागतात. निवेदन सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभरएक शब्द होतात. तरीही सात मिनिटांना सातशे शब्द लिहायचे नाहीत, चारशेच्या आत ठेवायचे, म्हणजे बाकीचा वेळ चेहऱ्यांना आणि शांततेला मिळतो. साधा फोटो पाच-सहा सेकंद पुरतो. ग्रुप फोटोला मात्र आठ-दहा सेकंद द्यावे लागतात, कारण बघणारा आधी स्वतःला शोधतो आणि मग भाऊसाहेबांना. या हिशेबाने पन्नासेक चांगले फोटो लागतील. संहितेतून ‘मनमिळाऊ’, ‘कर्तव्यदक्ष’, ‘हसतमुख’ हे शब्द आम्ही काढले आहेत, कारण ते कुणाच्याही निरोपाला चालतात. त्यांच्या जागी काम दाखवायचं आहे. कोणते फोटो लागतील ते कळावं म्हणून एक दृश्य पूर्ण देतो.

दृश्य ४ : रजिस्टर

फोटो : कपाटातल्या जनरल रजिस्टरांचे कणे, सालांच्या चिठ्ठ्यांसह. ८ सेकंद.
निवेदन : ‘मुलगी इंजिनिअरिंगला लागली. जातपडताळणीसाठी सदुसष्ट सालाआधीचा पुरावा हवा. आजोबा याच शाळेत होते. कोणत्या साली, ते घरात कुणालाच माहीत नाही.’

फोटो : ऑफिसची खिडकी, बाहेरून. ५ सेकंद.
निवेदन : ‘भाऊसाहेबांनी एकच विचारलं. भूकंप झाला तेव्हा आजोबा शाळेत होते, की शाळा सुटली होती?’

फोटो : कोयनेच्या भूकंपानंतरचं एखादं पडकं घर, आपल्याच भागातलं. ७ सेकंद. निवेदन नाही.

फोटो : भाऊसाहेबांचे हात. उघड्या रजिस्टरावर आडवी ठेवलेली स्टीलची पट्टी. १० सेकंद.
निवेदन : ‘आजी म्हणाली, भूकंपाच्या वेळी ते मुंबईत गोदीवर होते. भाऊसाहेब सदुसष्टपासून एकेक रजिस्टर मागे निघाले. ओळीखाली पट्टी, ओळ संपली की पट्टी खाली. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पट्टी एका नावाखाली थांबली.’

फोटो : भाऊसाहेब शिक्क्यावर फुंकर घालताना. ६ सेकंद. निवेदन नाही. शिक्का उठल्याचा आवाज.

या दृश्यात निवेदन अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर जातं आणि फोटोंचे मिळून ३६ सेकंद होतात. म्हणून निवेदन असलेले तिन्ही फोटो मिळून आणखी तेरा-चौदा सेकंद धरावे लागतील, नाहीतर मधली शांतता बोलण्यात बुडून जाईल. भूकंपाचा प्रश्न संहितेत आम्ही रंग भरायला घातलेला नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा आणि इतर मागासवर्गासाठी पुराव्याची तारीख १३ ऑक्टोबर १९६७ ची, मधे दोन महिनेही नाहीत. घरच्यांना साल आठवत नाही, भूकंप मात्र सगळ्यांना आठवतो. आजोबा भूकंपाआधी शाळेत होते एवढं कळलं की त्यांची दाखल नोंद मुदतीच्या आतली असणार हे ठरतं आणि कोणत्या रजिस्टरापासून मागे जायचं तेही कळतं. ही युक्ती भाऊसाहेबांची. त्यामुळे कितीतरी घरांची कामं झाली आणि या फितीत ती सांगितलीच पाहिजे.

या दृश्यासाठी भूकंपाच्या वेळचा घरगुती फोटो लागेल. वर्तमानपत्रातलं किंवा इंटरनेटवरचं चित्र आम्ही वापरणार नाही, कारण ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं आणि आपल्या वाडीचंही नसतं. रजिस्टरातलं पान वाचता येईल असं दाखवायचं नाही, त्यात लोकांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत. रजिस्टराजवळ कॅमेरा न्यायला मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आहे. आपणही जुन्या दाखल्याचे फोटो पाठवू नका, भाऊसाहेबांचं अक्षर कितीही सुंदर असलं तरी.

दुसरं नाजूक दृश्य फीचं आहे. दहावीचा फॉर्म भरण्याची शेवटची तारीख आणि घरून पैसे आलेले नाहीत, अशा वेळी भाऊसाहेबांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरल्याचे किस्से सगळ्यांनी ऐकले आहेत. दुसऱ्याचा किस्सा कृपया पाठवू नका. ज्याची फी भरली गेली त्यानेच, स्वतःच्या आवाजात, सांगावंसं वाटलं तर सांगावं. कुणीच बोललं नाही तर ते दृश्य फितीत नसेल. त्या माणसाने ज्यांची नावं आजवर कुणाला सांगितली नाहीत, ती आपण पडद्यावर फोडायची नाहीत.

आता फोटो कसे पाठवायचे. जुना फोटो फ्रेमच्या काचेतून किंवा अल्बमच्या प्लास्टिकवरून काढू नका, वर पांढरा झोत येतो आणि नेमका चेहरा जातो. फोटो बाहेर काढून खिडकीजवळच्या टेबलावर सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा, मोबाईल फोटोला समांतर धरा आणि स्वतःची सावली पडत नाही ना ते पाहा. अल्बमला चिकटलेला फोटो मात्र ओढू नका, तो फाटतो. तसाच अल्बम आमच्याकडे द्या, आम्ही इथे स्कॅन करून परत करू. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की लहान होतो आणि ग्रुप फोटोतला एकच चेहरा मोठा करायला गेलं की फुटतो. म्हणून पाठवताना Document निवडून पाठवा. सोबत साल, प्रसंग आणि भाऊसाहेब कुठे उभे आहेत ते लिहा. आपलं नाव युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर संकलकाच्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हं दिसतात.

आवाज पाठवणाऱ्यांनी तीस सेकंदांत एकच प्रसंग सांगावा. पंखा बंद करा, गाद्या-पडदे असलेल्या खोलीत बसा आणि मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर, जरासा बाजूला धरा. समोर धरला तर ‘प’, ‘फ’ म्हणताना फुस्स आवाज येतो. व्हिडिओ असेल तर मोबाईल आडवा. ‘आपल्याला पुढील आयुष्यासाठी शुभेच्छा’ हे मंचावर सगळे म्हणणारच आहेत, इथे नको. मागे सिनेमाचं गाणं लावून पाठवू नका, ते आवाजापासून वेगळं करता येत नाही.

मुंबई, पुणे आणि सुरतेच्या मंडळींना विशेष विनंती. खिडकीत उभे राहून ‘भाऊसाहेब, आजच दाखला पाहिजे, रात्रीची गाडी आहे’ असं म्हणणारे तुम्हीच होतात. तो दाखला त्याच दिवशी हातात पडला होता. आता त्यांच्यासाठी अल्बम उघडायला एक संध्याकाळ काढा.

खर्च : संकलन व रंगदुरुस्ती १२,०००, पडदा-प्रोजेक्टर-ध्वनी ९,०००, इन्व्हर्टर व किरकोळ ४,०००, एकूण २५,००० रुपये. जास्त जमले तर जुन्या जनरल रजिस्टरांच्या पुठ्ठाबांधणीला, भाऊसाहेबांची तीच एक इच्छा आहे. वर्गणी ऐच्छिक, क्यूआर कोड मंडळाच्या गटावर, रोख खजिनदारांकडे, पावती मिळेल. फोटो व आवाज १० मेपर्यंत, त्यानंतरचे घेता येणार नाहीत. ३० मे रोजी संध्याकाळी मांडवात फीत पूर्ण लावून पाहायची आहे, वायर आणि आवाज तपासायला चार तरुण हवेत. कार्यक्रम रविवार ३१ मे, सकाळी १०, शाळेचं पटांगण. जेवण आहे, येणाऱ्यांची संख्या २० मेपर्यंत कळवा. भाऊसाहेबांना फितीबद्दल काहीही माहीत नाही, कृपया बोलू नका.

आपला,
सचिव, माजी विद्यार्थी मंडळ