पाकिटातली ती छोटी पुडी मसाल्याची नाहीये, फोडू नका

मंडळी, काल घरी थोडक्यात वाचलो. मुलाने खाऊच्या पाकिटातली पुडी मसाला समजून फाडली आणि वरून भुरभुरणारच होता, पण आत काळपट करडी पावडर दिसली म्हणून थांबला. तो ऑक्सिजन अॅब्सॉर्बर होता, खाऊ टिकावा म्हणून पाकिटातला ऑक्सिजन शोषून घेणारा, म्हणजे मुख्यतः लोखंडाची बारीक पावडर, हवा लागली की गंजते आणि थोडी गरमही होते. पुडीला चुंबक लावून बघा, चिकटली तर हीच.

दुसरी अशीच पुडी येते ती ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची, तिच्यात पारदर्शक किंवा पांढरे गोल दाणे असतात, हलवलं की खुळखुळ वाजतात, साबुदाणाच वाटतो अगदी. मसाल्याची पुडी चकचकीत प्लास्टिकची असते, या दोन्हींचा कागद मात्र हवा जाणारा असतो, आणि वर 'डू नॉट ईट' लिहिलेलं असतं, पण ज्याला वाचता येत नाही त्याला काय उपयोग!

साधे सिलिकाचे दाणे सहसा विषारी नसतात पण लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, निळे असतील तर त्यात कोबाल्ट असू शकतं, ते जास्त वाईट. लोखंडाची पावडर पोटात गेली तर लहान मुलांना आणि कुत्र्यांना खरा त्रास होऊ शकतो. चुकून खाल्लीच तर तोंड धुवा, मुद्दाम उलटी काढू नका, पुडी जपून ठेवा आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. आणि हो, पुडीसकट पाकीट मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, ठिणग्या उडतात.