सव्वादोनाचा हात

नाशिक,
रथसप्तमीचा आदला दिवस

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हसत हसत सांगितलंस, पण आवाज हसरा नव्हता. हळदीकुंकवात तुझ्या मामेसासूबाईंनी चार बायकांदेखत तुझा हात धरून विचारलं, "हे काय गं, हात ओकेबोके? कासाराची लेक ना तू?" मग तू मला विचारलंस, "आई, बांगड्या तू विकतेस. तूच सांग, घालू की नको?" दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून तेव्हा बोलले नाही. आज दुपारी गर्दी कमी आहे.

तुला आठवतं, लहानपणी गल्ल्याशेजारी बसून तू मापं पाठ करायचीस? दोन चार, दोन सहा, दोन आठ. ते दशांश नव्हेत, दोन इंच आणि वर सोळांश, हे तुला शाळेतल्या गणिताच्या आधी कळलं होतं. म्हणून दोन चार म्हणजे सव्वादोन, दोन आठ म्हणजे अडीच. तुझा हात सव्वादोनाचा. बांगडीचं माप मनगटावर ठरत नाही. अंगठा तळव्यात दुमडल्यावर पंजाचं हाड जिथे सगळ्यात रुंद होतं, तिथे ठरतं. काचेची बांगडी तिथेच अडते आणि तिथेच वाढते. आपण "फुटली" म्हणत नाही, "वाढली" म्हणतो. मंगळसूत्रही वाढवतात, तुटत नाही. इतका धाक बसलाय त्या वस्तूंचा की खरं क्रियापदही तोंडातून काढायचं नाही.

तुझे बाबा गेले त्या दिवशी मात्र मोठ्या आत्यांनी सरळ म्हटलं, "फोडायला हव्यात." तू तेव्हा विमानात होतीस, तुला हे कोणी सांगितलं नसेल. बाबांना न्यायच्या आधी मला मोरीपाशी बसवलं आणि एक जण वरवंटा घेऊन आली. मी म्हटलं, मी उतरवते. साबण मागितला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात बांगड्या चढवल्या, उतरवल्या, मला स्वतःच्या उतरवता येणार नाहीत? डाव्या हातातल्या सात, उजव्या हातातल्या सहा, एकही न तडकता निघाल्या. त्या दोऱ्यात ओवून मी दुकानाच्या खालच्या खणात ठेवल्या. आत्या तेव्हा गप्प बसल्या. दहाव्याला रामकुंडावरून सगळे परतल्यावर मात्र म्हणाल्या, "अर्धवट राहिलं हो हिचं." मला बाबांपेक्षा त्या वाक्यानं जास्त रडवलं, हे लिहायची लाज वाटते, पण खरं आहे.

त्यानंतर मला एक यादी शिकावी लागली. ती कुठे लिहिलेली नसते, पण प्रत्येक बाईला पाठ असते. सोन्याच्या दोन बांगड्या चालतात, काचेची नाही. काचेचीच घालायची तर हिरवी नाही. कपाळाला बारीक काळी टिकली चालते, लाल कुंकू नाही. साडी फिकी, फार तर मातकट. गजरा नाही. जोडवी तर विचारूच नको. नोकरीवर जाणाऱ्यांना थोडी सूट, घरी असणाऱ्यांना कमी. तुझ्या पणजीच्या काळी आलवण नेसावं लागे, तेव्हापासून हे पुष्कळ सैल झालंय. पण सैल झालेल्या दोरीचं टोकही कुणाच्या तरी हातात असतंच.

माझ्या बाबतीत ते टोक दुकानातच होतं. महिन्याभरानं लग्नाची मंडळी चुडा भरायला आली. हातांची मापं मी घेतली, चुडा मी निवडला, आणि नवरीचा हात हातात घेणार तोच तिच्या काकूंनी हळूच विचारलं, "भरायला दुसरं कोणी आहे का हो? सवाष्ण?" मी तुझ्या मामीला हाक मारली आणि मागे सरले. तिला तेव्हा सवय नव्हती, तीन बांगड्या वाढल्या, नवरीचा अंगठा कापला. पुढे दोन वर्षं मी असंच केलं. पैसे मी घ्यायचे, हात मामीचा. चुडा भरल्यावर नवरी कासाराच्या पाया पडते ना, तो नमस्कारही मामीला. कुणी मला वाईट बोललं नाही. मीच आधी बाजूला व्हायला लागले होते.

मे 2022 मध्ये कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद. कोरोनात तरणीताठी माणसं गेली होती, त्यामागे ते दुःख होतं. त्याच महिन्यात सरकारचं परिपत्रकही निघालं की इतर ग्रामपंचायतींनीही असं करावं. मी ती बातमी कापून गल्ल्याच्या काचेखाली ठेवली. पण बघ, ठराव वरवंटा थांबवू शकतो. हळदीकुंकवाचं ताट माझ्यापाशी आल्यावर पळभर थबकतं आणि पुढच्या बाईकडे वळतं, त्याला कुठला ठराव लागू करणार? आणि आपलं तर शहर, इथे ग्रामपंचायतच नाही.

गेल्या मार्गशीर्षात एक मुलगी आली, सिडकोकडची. तिची आई दुकानात आलीच नाही, पायरीपाशी चपलांजवळ उभी राहिली. फिकी साडी, मोकळं कपाळ. मला लगेच कळलं. मी मामीला हाक मारणार, तर मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हीच भरा. आणि आईलाही आत बोलवा." मी भरला. हिरवा, दोन सहा, डावीकडे एक जास्त, एकही वाढली नाही. दोन वर्षांनी हात धरला तरी बोटं विसरली नव्हती. मग ती म्हणाली, आईच्याही हातात घाला. बाई नको नको म्हणत होती. शेवटी दोनच घेतल्या, हिरव्या नाहीत, मोरपंखी. रस्त्यावर उतरताना तिनं पदर मनगटावर ओढून घेतला. मी काउंटरवरून बघत होते. राग नाही आला मला, मीही तेच केलं असतं.

आता तुझं. तुझ्या मोकळ्या हातावर बोट ठेवणारी बाई आणि माझ्या भरल्या हातावर डोळे वटारणारी बाई एकच आहे. तिला बांगडीशी काही देणंघेणं नाही, नवरा आहे की नाही याची पाटी तिला लांबून वाचता यायला हवी, एवढंच. तुला कीबोर्डवर खणखण नको वाटते तर घालू नकोस. आवडली तर ऑफिसातही घाल. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून सणाला घातल्यास तरी मी तुला भित्री म्हणणार नाही. मामेसासूबाईंना मात्र सांग, कासाराची लेक आहे म्हणूनच बांगडी कधी घालायची ते तिला कळतं.

उद्या आपल्याकडे हळदीकुंकू आहे. मामीनं ताट माझ्याच हातात द्यायचं ठरवलंय. पायरीपाशी उभ्या राहिलेल्या त्या बाईलाही बोलावलंय, येते का बघू.

खालच्या खणातल्या माझ्या तेरा बांगड्या अजून तशाच आहेत. त्या अडीचच्या, तुला ढिल्या होतील. पण मोरपंखी काचेचा नवा माल आलाय. तुझा हात अजून सव्वादोनाचाच आहे का, तेवढं कळव.

तुझी,
आई