'हिरड्या सांभाळा, हार्ट अटॅक टाळा' ही ओळ सरकारी पोस्टरवर नको: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

मी डेंटिस्ट आहे, रोजचं काम हिरड्यांच्या आजारांचं. 'हिरड्या सांभाळा, हार्ट अटॅक टाळा' ही ओळ हल्ली फॉरवर्डमध्ये, क्लिनिकच्या भिंतींवर, शिबिरांच्या बॅनरवर सगळीकडे दिसते, आणि तोंडाच्या आरोग्याची मोहीम आखताना ती सरकारी पोस्टरवरही जाईल अशी मला भीती आहे म्हणून हे लिहितेय. कृपा करून ती घेऊ नका. हिरड्या सांभाळायला सांगा, जरूर सांगा, पण त्याने हार्ट अटॅक टळतो हे आजपर्यंत कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि सरकारने छापलेलं वाक्य लोक सिद्ध झालेलं म्हणूनच वाचतात.

आधी जे खरं आहे ते. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो आजार म्हणजे दाताच्या मुळाशी कीट साचून हिरडी वर्षानुवर्षं सुजलेली राहते, दात आणि हिरडीच्या मधे खोल फट तयार होते (आम्ही पॉकेट म्हणतो, बारीक खुणांची सळई घालून मोजतो, ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे काळजी) आणि हळूहळू दाताला धरून ठेवणारं हाड झिजत जातं. अशा लोकांमध्ये हृदयविकार जास्त सापडतो, हे वेगवेगळ्या देशांमधल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो यापुढच्या पायरीबद्दल.

एकच अभ्यास घेऊन सांगते म्हणजे नीट कळेल. स्वीडनमध्ये पॅरोक्रँक नावाचा अभ्यास झाला, २०१६ साली छापून आला. पहिला हार्ट अटॅक आलेले ७५ वर्षांखालचे ८०५ पेशंट घेतले आणि त्यांच्याच वयाचे, त्याच भागात राहणारे, अटॅक न आलेले ८०५ लोक घेतले. सगळ्यांच्या पूर्ण जबड्याचा एक्सरे काढून हाड किती झिजलंय ते बघितलं. ही पद्धत मला आवडते कारण हाड काही आठवड्यांत झिजत नाही, त्यामुळे एक्सरेत जे दिसतं ते अटॅकच्या आधीपासूनचं असणार हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. अटॅकवाल्यांमध्ये हाड झिजलेले ४३ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ३३ टक्के. नुसतं हे बघितलं तर पायोरिया असणाऱ्यांमध्ये अटॅकची शक्यता साधारण दीडपट येते. मग त्यांनी सिगारेट, डायबिटीस, शिक्षण, लग्न झालंय की नाही हे सगळं हिशोबात धरलं, आणि तो दीडपटीचा आकडा उतरून १.२८ वर आला, म्हणजे साधारण सव्वापट, आणि खरा आकडा १.०३ ते १.६० यांच्या मधे कुठेही असू शकतो, म्हणजे खालची बाजू १ ला, 'काहीच फरक नाही' याला, जवळजवळ टेकलेली.

इथे थांबून बघा. ठोकळमानाने चार गोष्टी हिशोबात घेतल्यावर संबंधाचा बराचसा भाग गळून पडला. या चार गोष्टी जितक्या नीट मोजायला हव्या तितक्या मोजता येत नाहीत, कारण 'सिगारेट ओढता का' याला हो म्हणणाऱ्यांत पाच वर्षं ओढणारा असतो आणि तीस वर्षं ओढणाराही असतो. तंबाखू हिरडीचं हाडही खाते आणि हृदयाच्या नळ्याही खराब करते, डायबिटीसचंही तेच, पैशाची ओढाताण, डॉक्टरकडे उशिरा जाणं, झोप, जेवण या सगळ्यांचं थोडंफार तेच. मग उरलेला सव्वापटीतला किती भाग हिरडीचा आणि किती भाग नीट न मोजलेल्या बाकीच्या गोष्टींचा, हे असल्या अभ्यासातून कधीच कळत नाही, माणसं ८०५ ऐवजी ८ लाख घेतली तरी नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये सगळा पुरावा चाळून हेच म्हटलं होतं, की संबंध दिसतो, बाकीची कारणं वजा केल्यावरही थोडा उरतो, पण हिरडीच्या आजारामुळे हृदयविकार होतो किंवा हिरडीवर उपचार केल्याने तो टळतो असं म्हणायला पुरावा नाही.

यावर माझेच सहकारी म्हणतात, अगं पण मेकॅनिझम आहे ना. आहे. सुजलेल्या हिरडीतून ब्रश करताना, चावताना जंतू रक्तात जातात, हृदयाच्या नळ्यांमधल्या चरबीच्या थरात तोंडातल्या जंतूंचा डीएनए सापडलाय, रक्तातला सीआरपी, म्हणजे शरीरात सूज असल्याची खूण, वाढलेला असतो. एक चांगला प्रयोगही आहे, २००७ सालचा, टोनेटी आणि सहकाऱ्यांचा, गंभीर पायोरियाच्या १२० पेशंटवर. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला नेहमीची वरवरची सफाई, दुसऱ्याला मुळापर्यंत खोल सफाई, न वाचणारे दात काढणं, पॉकेटमध्ये अँटिबायोटिक. मग दंडातली रक्तवाहिनी किती मोकळेपणाने फुगते ते मोजलं. खोल सफाईनंतर २४ तासांनी ती आधीपेक्षा वाईट झाली, सूज वाढली, आणि सहा महिन्यांनी मात्र दुसऱ्या गटापेक्षा चांगली झाली, फरक २ टक्क्यांचा. प्रयोग उत्तम आहे. पण मोजली ती दंडातली नळी. कुणाचा अटॅक टळला का हे त्यात मोजलेलंच नाही, १२० माणसांत सहा महिन्यांत ते मोजता येतही नाही.

आणि नळी सुधारली किंवा सीआरपी उतरला म्हणजे अटॅक टळलाच असं धरायचं नाही, हे हृदयविकाराच्या संशोधनाने एकदा मोठी किंमत देऊन शिकून झालंय. क्लॅमिडिया न्यूमोनिए नावाचा श्वासाच्या इन्फेक्शनचा जंतू आहे. नव्वदच्या दशकात त्याच्याबद्दल अगदी हीच गोष्ट सांगितली जात होती, हृदयविकाराच्या पेशंटमध्ये त्याच्या अँटिबॉडी जास्त, नळ्यांतल्या थरात तो जंतू सापडतो, सूज वाढवतो, सगळं जुळत होतं. मग मोठे प्रयोग झाले. त्यातल्या एकात, जो २००५ मध्ये छापला गेला, हृदयविकाराच्या ४,०१२ पेशंटपैकी अर्ध्यांना आठवड्यातून एकदा अ‍ॅझिथ्रोमायसिन असं वर्षभर दिलं आणि पुढे काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. अटॅक, मृत्यू, कशातच फरक पडला नाही. बाकीच्या मोठ्या प्रयोगांतही तेच. हिरडीचंही असंच होईल असं मी म्हणत नाहीये, पायोरियाची सूज वेगळी आहे, वर्षानुवर्षं चालणारी आहे, कदाचित इथे खरंच काही निघेल. पण तो मोठा प्रयोग हिरडीच्या बाबतीत अजून झालेलाच नाही.

का झाला नाही तेही सांगते, कारण तुम्हाला करता येण्यासारखं काम यातच आहे. समजा ज्यांना एकदा अटॅक येऊन गेलाय आणि गंभीर पायोरियाही आहे असे पेशंट घेतले, आणि धरून चालू की तीन वर्षांत त्यातल्या १०० पैकी १५ जणांना पुन्हा काहीतरी होतं. हिरडीच्या उपचाराने ते १५ चे १२ होतात का हे खात्रीने बघायचं तर प्रत्येक गटात साधारण २,००० माणसं लागतात, म्हणजे एकूण ४,०००, शिवाय मधेच सोडून जाणारे वेगळे. अटॅक न आलेल्या लोकांवर करायचं ठरवलं, जिथे तीन वर्षांत १०० पैकी ५ जणांना त्रास होतो आणि आपल्याला ५ चे ४ झालेले बघायचेत, तर हाच आकडा एकूण साडेतेरा हजारांच्या आसपास जातो. त्यात नैतिक अडचण अशी की पायोरिया आहे हे माहीत असताना दुसऱ्या गटाला तीन वर्षं उपचाराविना ठेवता येत नाही, दात जातील त्यांचे. मग त्यांनाही काहीतरी सफाई मिळते, आणि दोन गटांतला फरक पुसट होत जातो. अमेरिकेत ३०३ पेशंटवर याची चाचपणी झाली होती (पेव्ह नावाने, २००९), त्यात नेमकं हेच झालं, तुलनेच्या गटातल्या बऱ्याच लोकांनी बाहेर जाऊन स्वतःच उपचार करून घेतले.

आता कुणी म्हणेल, लोकांनी दात घासले तर वाईट काय, ओळ थोडी जास्त बोलते एवढंच. माझा आक्षेप इथेच सगळ्यात जास्त आहे. ज्याला कोलेस्टेरॉलची गोळी लिहून दिलीय आणि ती घ्यायचा कंटाळा आहे, त्याला ही ओळ एक पर्याय देते, की मी वर्षातून दोनदा स्केलिंग करतो ना. त्या गोळीमागे दीड लाखाहून जास्त माणसांवरचे प्रयोग आहेत, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ४० ने उतरलं की अटॅक-स्ट्रोक पाचव्या हिश्शाने कमी होतात हे मोजून झालेलं आहे. स्केलिंगमागे तसा एकही आकडा नाही. आणि दुसरा, याहून वाईट प्रकार, स्टेंट बसवलेला पेशंट 'हृदयासाठी चांगलं' म्हणून हिरड्या साफ करायला येतो आणि रक्त येईल म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने चार दिवस आधी बंद करून येतो. स्टेंट नवीन असेल तर त्या चार दिवसांत स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. स्केलिंगचं रक्त कापूस दाबून थांबतं, त्यासाठी बहुतेक वेळा गोळी बंद करायची गरजच नसते, आणि बंद करायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवायचंच नसतं.

मग पोस्टरवर काय लिहायचं. हिरडीतून रक्त येणं नॉर्मल नाही, दुखत नसलं तरी दाखवा, नाहीतर दात जातील, एवढं लिहिलं तरी ते पूर्ण खरं आहे आणि पुरेसं आहे. सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक जास्तीची ओळ हवी, कारण त्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं आणि आजार झाकला जातो, रक्त येत नाही म्हणून ते निर्धास्त राहतात. डायबिटीसवाल्यांना तर सरकारने ठणकावून सांगावं, तिथे पुरावा खरोखर प्रयोगांचा आहे, २०२२ च्या कॉक्रन आढाव्यात ३० प्रयोग मिळून हिरडीच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, सरासरी ०.४३ ने उतरलेला दिसलाय. आणि ज्यांची हृदयाची झडप कृत्रिम आहे किंवा ज्यांना आधी झडपेचं इन्फेक्शन होऊन गेलंय त्यांच्यासाठी वेगळी सूचना हवी, त्यांच्या बाबतीत तोंडातले जंतू झडपेवर जाऊन बसतात हे सिद्ध आहे, दात काढण्याआधी किंवा खोल सफाईआधी त्यांना अँटिबायोटिक द्यावं लागतं. नळीतलं ब्लॉकेज हा वेगळा आजार आहे, पण ती एक ओळ या दोघांना एकत्र कालवून टाकते.

माझी मागणी दोन गोष्टींची. मोहिमेचा मजकूर छापण्याआधी हिरड्यांचा एक आणि हृदयाचा एक अशा दोन डॉक्टरांकडून वाक्यन् वाक्य तपासून घ्या, आणि त्यांनी खोडलेलं वाक्य छापू नका. दुसरं, सरकारी हॉस्पिटलमध्ये अटॅक येऊन दाखल झालेल्या प्रत्येक पेशंटची घरी जाण्याआधी हिरड्यांची तपासणी होऊन ती त्याच्याच केसपेपरवर नोंदली जाऊ दे. दहा मिनिटांचं काम आहे, सळई आणि आरसा लागतो. वर सांगितलेला ४,००० माणसांचा प्रयोग कुठल्याही एका कॉलेजला झेपणारा नाही, पण ही नोंद सुरू झाली तर असे पेशंट कुठे आणि किती आहेत हे तरी माहीत असेल आणि प्रयोग आखता येईल.

आपली,
हिरड्यांवर काम करणारी एक डेंटिस्ट