विषय : ठरलेला कागद परस्पर बदलल्याने 500 प्रतींच्या मुखपृष्ठाचा कणा चुकल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

माझ्या दिवंगत वडिलांच्या शिक्षकी आयुष्यातील आठवणींचे पुस्तक मी आपल्याकडून 500 प्रतींत छापून घेतले. पूर्ण रक्कम आगाऊ भरली होती आणि पुस्तके वेळेवर घरी पोहोचली. तरीही त्यांतील एकही प्रत मी कोणाच्या हाती देऊ शकलेले नाही, कारण मुखपृष्ठाचा कणा पुस्तकाच्या जाडीशी जुळत नाही. दूरध्वनीवर आपल्या प्रतिनिधींनी “कागद 70 जीएसएमचा ठरला होता आणि 70 जीएसएमचाच वापरला आहे” असे उत्तर देऊन विषय संपवला. ते उत्तर खरे असले तरी माझ्या तक्रारीला लागू का पडत नाही, हे सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पुस्तक डेमी आकाराचे, म्हणजे कापणीनंतर 140 बाय 216 मिलिमीटरचे असून त्याची 288 पृष्ठे, अर्थात सोळा पृष्ठांचे 18 फर्मे आहेत. आपल्या मागणी अर्जात ‘पाने’ असा रकाना होता. आपण बोलताना पान आणि पृष्ठ एकाच अर्थाने वापरतो, पण कण्याच्या हिशेबात तसे करून चालत नाही, कारण कागदाच्या एका पानावर दोन पृष्ठे असतात. म्हणून मी 288 हा आकडा पृष्ठांचा असल्याचे तेव्हाच लिहून कळवले होते. त्यावर आपण मला दिलेला हिशेब बरोबर होता : 144 पाने, 70 जीएसएम मॅपलिथो कागदाच्या एका पानाची जाडी 0.09 मिलिमीटर, म्हणून आतला गठ्ठा 12.96 मिलिमीटर, त्यात आर्ट कार्डाच्या दोन बाजूंची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर धरून कणा 13.5 मिलिमीटर. या आकड्यावर माझ्या मुखपृष्ठकाराने मलपृष्ठ 140, कणा 13.5 आणि मुखपृष्ठ 140 अशी एकसंध रचना केली आणि दोन्ही टोकांना कापणीसाठी तीन-तीन मिलिमीटर ब्लीड सोडून 299.5 मिलिमीटर रुंदीची फाइल पाठवली. ती आपण तपासून मंजूर केली.

प्रत्यक्षात हाती आलेल्या पुस्तकाची जाडी 17.8 मिलिमीटर आहे. आधी मला बाइंडिंगचा गोंद जास्त झाला असावा असे वाटले, म्हणून मी एक प्रत बळी दिली. कण्यालगत कटरने कापून 100 पाने सुटी केली, ती दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये घट्ट दाबून व्हर्नियर कॅलिपरने मोजली आणि पट्ट्यांची जाडी वजा केली. 9 मिलिमीटर अपेक्षित असताना माप 12 मिलिमीटर आले, म्हणजे एका पानाची जाडी 0.12 मिलिमीटर आहे. मग तीच 100 पाने वजनकाट्यावर ठेवली. 70 जीएसएम कागदाचे या आकाराचे एक पान 2.12 ग्रॅमचे असते, त्यामुळे 100 पानांचे वजन 212 ग्रॅमच्या आसपास असायला हवे. काट्यावर ते 209 ग्रॅम भरले आणि राहिलेला फरक कटरने गेलेल्या कडेचा आहे. म्हणजे वजनाबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. पण जीएसएम हे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन आहे. त्यावरून जाडी कळत नाही. त्याच वजनाचा कागद दाबून गुळगुळीत केलेला असेल तर पातळ होतो आणि फुगीर ठेवला असेल तर जाड होतो. आपण मॅपलिथोऐवजी पिवळसर छटेचा फुगीर कागद वापरला आहे. तो डोळ्यांना सुखद आहे हे मी मान्य करते, परंतु 144 पानांवर प्रत्येकी 0.03 मिलिमीटर वाढले की कण्यात सव्वाचार मिलिमीटरची भर पडते, आणि ही गोष्ट मुखपृष्ठ छापण्यापूर्वी आपल्याला माहीत होती, मला नव्हती.

कण्याची पट्टी गडद तपकिरी आहे आणि दोन्ही बाजूंची मुख्य पृष्ठे फिकट हस्तिदंती रंगाची. 13.5 मिलिमीटरची पट्टी 17.8 मिलिमीटरच्या कण्यावर बसवल्यामुळे ज्या प्रतींत ती मध्यभागी आली आहे तिथे दोन्ही कडांना दोन-दोन मिलिमीटर हस्तिदंती रंग कण्यावर चढला आहे. मी उघडून पाहिलेल्या 40 प्रतींपैकी 11 प्रतींत पट्टी एका बाजूला सरकली आहे, आणि त्यातील काहींत ती तिरकीही लागली आहे. कण्यावरील शीर्षक देवनागरीत असल्याने त्याची शिरोरेषा कडेला समांतर नाही हे कपाटातल्या पुस्तकावर लांबूनही दिसते. समोरच्या बाजूला वडिलांचे छायाचित्र आणि त्याखालचे नाव पृष्ठाच्या बरोबर मध्यावर होते, ते आता दोन मिलिमीटर कण्याकडे ओढले गेले आहे. शिवाय वाढलेल्या कण्याने ब्लीड खाऊन टाकल्यामुळे कापणीसाठी प्रत्येक बाजूला जेमतेम 0.85 मिलिमीटर उरले, आणि सरकलेल्या प्रतींत मलपृष्ठाच्या बाहेरच्या कडेला पांढऱ्या कार्डाची बारीक रेघ दिसते.

अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा फरक मी तक्रारीचा विषय केला नसता. कागद हवेतला ओलावा घेतो, दाब कमी-जास्त होतो, एवढे मला समजते. कण्याला वेगळा रंग दिला नसता तर चूक कमी दिसली असती, हेही खरे. पण तो रंग आपण दिलेल्या मापावर विसंबूनच निवडला होता.

जुने मुखपृष्ठ काढून नवे चिकटवून देण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही. परफेक्ट बाइंडिंगच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ बदलायचे तर जुना गोंद कण्याकडून दोन-तीन मिलिमीटर कागदासह घासून काढावा लागतो आणि नव्या मुखपृष्ठासह उरलेल्या तिन्ही बाजूंची पुन्हा कापणी करावी लागते. आतला समास आधीच 16 मिलिमीटरचा आहे. तो आणखी घटला तर जाड पुस्तक उघडताना ओळींची टोके कण्यात बुडतील. एक दोष झाकण्यासाठी दुसरा स्वीकारण्याची माझी तयारी नाही.

त्यामुळे ठरलेल्या 70 जीएसएम मॅपलिथो कागदावर सर्व 500 प्रती मंजूर फाइलप्रमाणे विनामूल्य पुन्हा छापून द्याव्यात. तो कागद उपलब्ध नसेल तर सध्याच्या कागदावर छापण्यास माझी हरकत नाही, मात्र तसे असल्यास मुखपृष्ठ 17.8 मिलिमीटर कण्यासाठी नव्याने रचण्याचा खर्च आपण करावा. दोन्ही बाबतींत छपाईपूर्वी प्रत्यक्ष वापरायच्या कागदाची 144 कोरी पाने बांधून डमी पाठवावी. ती मी स्वतः मोजून लेखी मंजुरी देईन. त्याचप्रमाणे आपल्या अर्जात ‘पाने’ऐवजी ‘पृष्ठे’ असा शब्द घालावा आणि प्रत्येक कागदासमोर जीएसएमबरोबर त्याची मायक्रॉनमधील जाडीही छापावी, अशी माझी विनंती आहे.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. सोबत मंजूर फाइलची मुद्रित प्रत, आपण पाठवलेला कण्याचा हिशेब, सदोष पुस्तकाच्या तीन प्रती आणि मोजलेल्या 100 पानांचा गठ्ठा पाठवत आहे. त्या गठ्ठ्याची जाडी आपण आपल्या छापखान्यात पुन्हा मोजून पाहावी.

आपली विश्वासू,
ग्राहक