मेल आला का?

कर्वेनगर, पुणे
रविवार रात्र

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू त्या कंपनीचं विचारलंस आणि मी विषय बदलला. खोलीत सगळे बसले होते रे, आणि तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं होतं. आता सगळे झोपलेत, तेव्हा सविस्तर लिहितो.

शेवटचा राउंड मॅनेजरचा होता, हिंजवडीच्या ऑफिसात. बरा गेला. माझ्या प्रोजेक्टमधलं लॉगिन कसं चालतं ते बोर्डवर काढायला लावलं, एक एसक्यूएलची क्वेरी लिहून घेतली आणि उठताना विचारलं, "लगेच जॉइन होऊ शकाल?" त्या एका प्रश्नावर मी बसमध्ये बसून पहिल्या पगाराचा हिशेबसुद्धा करून टाकला. एचआर मॅडम म्हणाल्या, "दोन-तीन वर्किंग डेजमध्ये कळवते." तो शुक्रवार होता, म्हणजे मंगळवार-बुधवारच्या आत काही येणार नव्हतं. तरी शनिवारी सकाळी डोळे उघडल्या उघडल्या जीमेल अंगठ्यानं खाली ओढलं. ते गोल चक्र फिरतं, थांबतं, आणि पुढ्यात येतं काय, तर बिर्याणीवर सूट. मेल आला की फोन आपोआप वाजतो, ओढल्यानं लवकर येत नाही, हे आपण कॉम्प्युटरवाल्यांनी लोकांना सांगायचं. पण हात ऐकेल तर ना!

बुधवार गेला, शुक्रवारही गेला. मग वाटलं, स्पॅममध्ये पडला असेल. तिथले मेल 30 दिवसांनी आपोआप उडतात, म्हणून ते रोज उघडायला लागलो. शिवाय असे मेल पुष्कळदा मॅडमच्या पत्त्यावरून येतच नाहीत, भरतीचं सॉफ्टवेअर `noreply` नावानं पाठवतं. त्यामुळे मॅडमचं नाव शोधण्यात अर्थ नव्हता. सर्चमध्ये `in:anywhere` आणि पुढे कंपनीचं नाव टाकलं, की स्पॅम आणि ट्रॅशसकट सगळं धुंडाळलं जातं. काही नाही. पोर्टलवर स्टेटस तेच, `Under Review`.

आणि मग एका दुपारी मेसमध्ये ताटावर बसलो असताना विषय झळकला, "निवड झाल्याबद्दल अभिनंदन". घास तसाच हातात. उघडलं तर लोगो तोच, नाव माझं, आणि खाली लिहिलेलं, लॅपटॉपसाठी 2,500 रुपये डिपॉझिट आजच भरा, जॉइन झाल्यावर परत मिळतील. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवलं तर `@` च्या पुढे `gmail.com`. पगार द्यायला निघालेली कंपनी आधी आपल्याकडे पैसे कशाला मागेल? आणि तेही फुकटच्या पत्त्यावरून? स्पॅमची तक्रार करून टाकली, पण ताट तसंच राहिलं.

त्या रात्री पक्याच्या ताईशी बोललो. ती दुसऱ्या एका कंपनीत भरतीचंच काम बघते. ती म्हणाली, "अरे, गप्प आहेत म्हणजे नकार असं धरू नकोस. मॅनेजर होकार देतो, मग त्या जागेला आणि पगाराला वरून मंजुरी लागते, आणि तो मोठा साहेब सुट्टीवर असला की सगळं तिथंच अडतं. दुसरं म्हणजे, पहिल्या नंबरच्या पोराला ऑफर गेली असेल तर त्याचं उत्तर येईपर्यंत दुसऱ्याला ना हो म्हणतात, ना नाही. तो नाही म्हणाला तर पुन्हा शोधाशोध नको म्हणून." आपण दुसरे आहोत की काय, हे मात्र कोणी सांगत नाही. मला ते जास्त लागलं.

ताईनं सांगितल्याप्रमाणे मुलाखतीच्या जुन्या मेललाच रिप्लाय केला. म्हणजे त्यांना मी कोण, कुठल्या पदासाठी, हे शोधावं लागत नाही. चारच ओळी, तारीख, पद, "निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे?" आणि आभार. मुद्दाम मंगळवारी सकाळी पाठवला. सोमवारी त्यांच्याकडे मेलचा ढीग असतो म्हणे. संध्याकाळी एक ओळ आली की मंजुरी बाकी आहे. मन्या, त्या एका ओळीवर मी दोन वाट्या आमटी जास्त प्यायलो.

आणि काल, शनिवारी, ध्यानीमनी नसताना मेल आला! ऑफर लेटर नाही हं, लेटर ऑफ इंटेंट. म्हणजे घ्यायचा विचार पक्का, पण कागदपत्रं तपासल्यावरच खरी ऑफर. म्हणून घरी अजून सांगितलेलं नाही. आई लगेच पेढे वाटत सुटेल.

आता तुझं काम. मार्कशीट, पॅन, आधार सगळं इथं आहे, फक्त प्रोव्हिजनल सर्टिफिकेट कॉलेजात अडकलंय आणि गुरुवारपर्यंत अपलोड करायचंय. सही केलेलं अधिकारपत्र आणि आधारची झेरॉक्स पक्याबरोबर पाठवतोय, तो उद्या सांगलीला येतोय. एक्झाम सेक्शनची खिडकी जेवणाच्या सुट्टीआधी गाठ, नंतर भाऊसाहेब जागेवर सापडत नाहीत. मिळालं की आधी दोन्ही बाजूंचा नीट स्कॅन पाठव, मोबाइलनं वाकडातिकडा फोटो नको.

तुझा,
निल्या